सिटाडेलच्या दारापर्यंतची मिनिटं

डिसेंबर २०२३ च्या मध्याला सोमाली चाच्यांनी 'रुएन' हे मालवाहू जहाज पळवलं. पाठोपाठ ४ जानेवारीला 'लीला नॉरफोक' या जहाजावर पाच-सहा हत्यारबंद माणसं चढली. त्यावर २१ जण होते आणि त्यांतले १५ आपले होते. दुसऱ्या दिवशी आयएनएस चेन्नईवरून मार्कोस कमांडो उतरले, तोवर चाचे पसार झाले होते आणि सगळे खलाशी सुखरूप सापडले. टीव्हीवर दिवसभर कमांडोच दिसत होते. मी तेव्हा रजेवर नाशिकला, गंगापूर रोडच्या घरी होतो, आणि माझ्या डोक्यात कमांडो येण्याआधीचे तास घोळत होते. त्या तासांत ती २१ माणसं सिटाडेलमध्ये होती, म्हणजे जहाजाच्या आतल्या भागात मुद्दाम तयार ठेवलेल्या, आतून बंद होणाऱ्या जागेत. सगळेच्या सगळे वेळेत आत पोचले होते, म्हणून कमांडोंना काम करता आलं.

मी बल्क कॅरिअरवर चीफ ऑफिसर आहे आणि जहाजाचा सुरक्षा अधिकारीही मीच असतो. पुढचं कॉन्ट्रॅक्ट आधीच्याच जहाजावर होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्‌स बे इथून कोळसा भरायचा आणि रत्नागिरीजवळच्या जयगडला उतरवायचा. तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले होते, युद्धनौकांचं लक्ष तिकडे लागलं होतं, आणि काही वर्षं जवळजवळ गप्प असलेले सोमाली चाचे पुन्हा खोल समुद्रात येऊ लागले होते. जहाज उद्योगाने हिंदी महासागरातला 'हाय रिस्क एरिया' १ जानेवारी २०२३ पासून काढून टाकला होता, त्यामुळे बऱ्याच जहाजांवरची तयारीही सैल पडली होती. आमच्या जहाजावर हत्यारबंद गार्ड नसणार हे कंपनीने आधीच सांगितलं होतं. तो निर्णय मालकांचा असतो. गार्ड नाहीत म्हटल्यावर सगळी भिस्त तीन गोष्टींवर येते: चाचे लांबून दिसणं, त्यांना वर चढायला वेळ लागणं, आणि तेवढ्या वेळात शेवटचा माणूस दाराआड जाणं.

हा सगळा मिनिटांचा हिशेब आहे, आणि तो मी घरीच मांडून ठेवला. भरलेलं जहाज ताशी साडेबारा समुद्री मैलांनी चालतं. चाच्यांची होडी, म्हणजे स्किफ, शांत पाण्यात २५ ने येते. ते बहुतेक वेळा मागच्या कोपऱ्यांतून येतात, म्हणजे आमच्यातलं अंतर ताशी साडेबारा मैलांनी कमी होत जातं. स्किफ ३ मैलांवर दिसली तर ती बाजूला लागायला साधारण १४ मिनिटं मिळतात. एका मैलावर दिसली तर पाच मिनिटंसुद्धा नाहीत. बाजूला लागल्यावर हुक असलेली शिडी रेलिंगला अडकवायची आणि चढायचं. आमच्या भरलेल्या जहाजाचं डेक पाण्यापासून जेमतेम पाच मीटर वर असतं. मध्ये काहीच अडथळा नसेल तर ही चढाई मिनिटाभराची आहे. अठरा नॉटपेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या जहाजावर त्यांना सहसा चढता येत नाही असा अनुभव आहे, पण कोळशाचा बल्कर इंजिन कितीही ताणलं तरी चौदाच्या वर जात नाही.

सिटाडेलच्या दाराबद्दल मला एक शंका जुनीच होती. जानेवारी २०११ मध्ये सेशेल्सच्या उत्तरेला 'बेलुगा नॉमिनेशन' जहाजाचे खलाशी अशाच जागेत बंद होऊन बसले होते. जवळपास एकही युद्धनौका नव्हती. चाच्यांना घाई नव्हती. दोनेक दिवसांनी त्यांनी पोलाद कापून आत शिरकाव केला आणि जहाज पळवून नेलं. पोलाद कापायला खरोखर किती वेळ लागतो हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. माझ्या मामांचं अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. संक्रांतीनंतर एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो.

मामांनी भंगारातली ८ मिलिमीटरची प्लेट उभी क्लॅम्प केली. साधारण जहाजाच्या दाराची जाडी एवढीच धरली. माणूस वाकून जाईल असा दीड फुटी चौकोन खडूने आखला आणि कारागिराला गॅस कटर लावायला सांगितलं. मी मोबाईलवर वेळ लावली. सुरुवातीला जागा लाल व्हायला थोडे सेकंद गेले, मग ऑक्सिजन सोडल्यावर ज्योत प्लेटमधून सरळ पलीकडे निघाली आणि ठिणग्यांचा फवारा मागच्या भिंतीवर उडाला. कारागीर घाई करत नव्हता, तरी चौकोन पाच मिनिटांच्या आत खाली पडला. नंतर त्याच प्लेटवर ग्राइंडर चालवला. एका बाजूलाच बराच वेळ गेला, चकत्या झिजल्या, आवाजाने कान बधिर झाले. मामा म्हणाले, "अरे, दार जाड करून काय करणार तू? दहाची प्लेट लावलीस तर त्याला मिनिटभर जास्त लागेल. त्याच्या हातात कटर जाऊ देऊ नकोस. आणि ग्राइंडरला लाइट लागते, ती बंद कर."

चाचे स्वतःबरोबर गॅस कटर आणत नाहीत, आणायची गरजही नसते. प्रत्येक जहाजावर दुरुस्तीसाठी ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीनचे बाटले, नळ्या आणि टॉर्च असतातच. म्हणून माझ्या यादीत दाराच्या मजबुतीच्या वरती एक ओळ गेली: टॉर्च आणि दोन्ही रेग्युलेटर फिटरबरोबर सिटाडेलमध्ये. बाटले जड असतात, ते उचलून नेणं शक्य नाही, पण रेग्युलेटरशिवाय त्यांचा काही उपयोग होत नाही. आणि आत गेल्यावर जनरेटर बंद करायचे, म्हणजे जहाजावरचे सगळे ग्राइंडर मुके. मामांनी दाराला आतून लावायच्या आडव्या पट्टीचं रेखाटनही कागदावर करून दिलं. दोन्ही बाजूंना यू-आकाराचे ब्रॅकेट, त्यांत बसणारी जाड चॅनेल, आणि हत्याराशिवाय वर उचलून काढता येईल अशी रचना. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची होती. ती सुटकेचीही वाट असते, आणि आत आग लागली तर पाना शोधायला वेळ नसतो.

जहाजावर रुजू झालो तेव्हा कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर यांच्याबरोबर पहिला प्रश्न हाच होता की सिटाडेल कुठे करायचं. कागदावर ती इंजिन कंट्रोल रूम होती. तिथे एसी आहे, फोन आहे, बसायला जागा आहे. पण ती खोली इंजिन रूमच्या आत येते, आणि इंजिन रूममध्ये आग लागली तर तिथे सीओटू सोडण्याची व्यवस्था असते. ती सोडायची कपाटं बाहेर असतात. रागावलेल्या किंवा नुसतं हाताला येईल ते ओढणाऱ्या चाच्याने ती उघडली तर आतले सगळे गुदमरून जातील. म्हणून आम्ही मागच्या टोकाची स्टिअरिंग गिअर रूम निवडली. सुकाणू फिरवणारी यंत्रं तिथे असतात. सीओटूच्या नळ्या तिथे येत नाहीत, इंजिन रूममधून एक दार येतं आणि वर पूप डेकवर, म्हणजे मागच्या उघड्या डेकवर, निघणारं सुटकेचं झाकण आहे. इंजिन रूमची बाहेरची दारंही आतून बंद करायची, म्हणजे त्यांना आधी एक कडं फोडावं लागेल आणि मग दुसरं. सीओटू खोलीला आणि त्या कपाटांना कुलूप घातलं, आणि आगीसाठी लागतील म्हणून किल्ल्या ड्यूटी ऑफिसरजवळ ठेवल्या.

सिटाडेल म्हणजे दार बंद करून वाट बघण्याची खोली, असा गैरसमज नव्या पोरांचा असतो. नौदलाची तुकडी चाच्यांच्या ताब्यातल्या जहाजावर चढायचा विचार करते तेव्हा तीन गोष्टी विचारते. सगळे, अगदी शंभर टक्के लोक आत आहेत का? त्यांच्याकडे बाहेर बोलण्याचं स्वतंत्र, दोन्ही बाजूंचं साधन आहे का? आणि चाच्यांना जहाज चालवता येतंय का? आमच्या बावीस जणांतला एकही माणूस बाहेर राहिला तर तो ओलीस होतो आणि मग आतल्या एकवीस जणांचं दारही उघडावंच लागतं.

बोलण्याचं साधन हा वाटतो तितका सोपा भाग नाही. व्हीएचएफवर विसंबता येत नाही, त्याचा पल्ला कमी. सॅटेलाइट फोन पोलादी खोलीत मुका होतो, त्याला बाहेर आकाश दिसणारा अँटेना लागतो. ब्रिजच्या माथ्यावरचे अँटेना चाचे आल्याआल्या तोडतात. आमच्या इलेक्ट्रिकल ऑफिसरने फोनचा छोटा अँटेना पूप डेकवरच्या एका हवेच्या नळीमागे बसवला, त्याला डेकचाच रंग दिला आणि केबल त्या नळीतूनच खाली घेतली. मग खोलीचं दार लावून फोन केला. कंपनीचा रात्रीचा ड्यूटी माणूस पहिल्या प्रयत्नात लागला. यूकेएमटीओचा, म्हणजे या भागातल्या व्यापारी जहाजांच्या हाका घेणाऱ्या ब्रिटिश केंद्राचा नंबर, कंपनीचा नंबर आणि गुरुग्रामच्या आयएफसी-आयओआरचा, म्हणजे भारतीय नौदलाच्या सागरी माहिती केंद्राचा नंबर, असे तिन्ही मी भिंतीवरच रंगवून घेतले. कागद भिजतो, हरवतो. २०११ साली 'माँटेक्रिस्तो'वरच्या खलाशांनी, आपण सुरक्षित आहोत हे बाहेरच्या युद्धनौकांना कळवायला चिठ्ठी घातलेली बाटली खिडकीतून समुद्रात टाकली होती. तिचा उपयोग झाला आणि ब्रिटिश व अमेरिकी नौकांनी त्यांना सोडवलं. पण आमच्या खोलीला खिडकीच नव्हती.

आत बावीस जणांसाठी तीन दिवसांचं पाणी ठेवलं. माणशी रोजचे तीन लिटर धरून दोनशे लिटर. डबाबंद अन्न, बिस्किटं, औषधांची पेटी, टॉर्च, बॅटऱ्या. कोपऱ्यात ताडपत्रीचा आडोसा करून झाकणाच्या बादल्या. मी घरून मक्याचा चिवडा नेला होता, त्यातली दोन मोठी पाकिटं तिथेच गेली. हे सगळं भरल्यावर कॅप्टनने एक तास दार लावून सगळ्यांना आत बसवलं. हवेचे पंखे मुद्दाम बंद ठेवले. गरम हायड्रॉलिक तेलाचा वास, बावीस माणसांचा घाम आणि जवळजवळ न हलणारी हवा. तासाभराने एका मोटरमनला घेरी आली. त्यावरून दोन निर्णय झाले: वर उघडणाऱ्या नळ्यांची झाकणं उघडी राहतील अशी आतून अडकवायची, आणि अंग टेकायला जमिनीवर लाकडी फळ्या टाकायच्या, कारण पोलाद अंगातलं त्राण ओढून घेतं.

रेझर वायरचं काम बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या हाती होतं. ते दापोलीकडचे, समुद्रावर आयुष्य गेलेले. जहाजाच्या दोन्ही बाजू आणि मागचा भाग धरला तर चारशे मीटरच्या वर तार लागत होती. मी दुहेरी वेटोळ्याची मागणी केली होती, कंपनीने एकेरीपुरतीच पाठवली. मग मधल्या भागात एकेरी आणि मागच्या तिसऱ्या भागात, जिथे ते येण्याची शक्यता जास्त, तिथे दुहेरी असं ठरवलं आणि पुढच्या टोकाला तार लावलीच नाही. तिथे लाटेचा धुमाकूळ असतो, स्किफ टिकत नाही.

बोसनचं काम बघण्यासारखं होतं. कोपरापर्यंत चामडी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. दहा-दहा मीटरचे तुकडे करायचे, कारण लांब वेटोळं हातातून सुटलं की पुन्हा गुंडाळीत येताना माणसाला कापून काढतं. दोघे जण दोन टोकं धरून ते रेलिंगच्या बाहेरच्या अंगाला सोडत होते. आतल्या बाजूला लावलेली तार दिसायला भक्कम दिसते, पण तोवर शिडीचा हुक रेलिंगला अडकलेला असतो. बाहेर असेल तर हुकला पकडायला जागाच मिळत नाही. मग बोसन वेटोळ्यांच्या आतून एक पातळ वायर रोप ओवत जात आणि ती रेलिंगच्या खांबांना आवळून बांधत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब, दोरीने बांधलं तर ते बांबूला आकडा लावून अख्खी तार पाण्यात ओढतील. ही वायर असली की ओढायला त्यांना जहाजच ओढावं लागेल." पूप डेकवर दोर बाहेर काढायची जी तोंडं असतात, ती त्यांनी एकेक करून हाताने तपासली. डोकं आणि खांदा जाईल एवढी ती असतात. त्यांतही तारेचे गोळे कोंबून बांधले.

या तारेने कुणी कायमचं अडत नाही. वर गालिचा किंवा ताडपत्री टाकून, नाहीतर कटरने तोडून ते येऊ शकतात. पण डोलणाऱ्या शिडीवर उभं राहून, जहाजाशी वेग जुळवत असलेल्या होडीतून हे करायला काही मिनिटं जातात. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर आगीचे होज रेलिंगला जखडून त्यांचे नोझल खाली, पाण्याकडे रोखून ठेवले. होज जास्त लावायचा मोह होतो, पण पंपाचा दाब वाटला गेला की सगळ्यांतूनच नुसती गळती होते. पंप चालू करून एकेक वाढवत गेलो आणि पाचव्या होजनंतर फवारा लुळा पडला, तेव्हा पाचवर थांबलो. राहण्याच्या भागाची बाहेरची सगळी दारं आतून पट्टी घालून बंद केली आणि ये-जा एकाच दाराने ठेवली. बाहेरून ब्रिजकडे जाणाऱ्या शिड्यांवर तार बसवली.

पहिली ड्रिल घेतली आणि अलार्मपासून शेवटचं डोकं मोजेपर्यंत अकरा मिनिटं लागली. एका मैलावर स्किफ दिसली असती तर आमच्यातले निम्मे बाहेर सापडले असते. कुठे वेळ गेला ते नीट पाहिलं. कुक बाराव्या मिनिटालासुद्धा आला नसता, गॅलीच्या पंख्याच्या आवाजात त्याला अलार्म ऐकूच गेला नव्हता, कुणीतरी जाऊन त्याला आणलं. इंजिन रूममधल्या प्युरिफायर खोलीत एक मोटरमन तसाच राहिला होता. दोन पोरं लाइफ जॅकेट घ्यायला केबिनमध्ये गेली, कारण अलार्म म्हटल्यावर पाय आपोआप तिकडे वळतात. चाच्यांचा अलार्म आगीच्या अलार्मपेक्षा वेगळा वाजायला हवा, तो ठरवला आणि रोज दुपारी ऐकवला. गॅली आणि प्युरिफायरजवळ फिरते लाल दिवे लावले. प्रत्येकाला जोडीदार दिला, जोडीदार दिसल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. दाराशी नावांचा फळा ठेवला, आत येणाऱ्याने आपली पितळी पट्टी त्यावर लावायची. मोजणी डोक्यांची आणि पट्ट्यांची अशी दोनदा. थोड्याच दिवसांत दिवसाची ड्रिल पाच मिनिटांच्या खाली आली.

सगळ्यात अवघड ब्रिजवरचे तिघे असतात. कॅप्टन, सुकाणूवरचा माणूस आणि वॉचवरचा ऑफिसर शेवटपर्यंत वर लागतात, आणि त्यांनाच सहा मजले उतरून जहाजाच्या मागच्या टोकाला यायचं असतं. स्वतंत्र वेळ लावली तेव्हा त्यांना साडेतीन मिनिटं लागली. म्हणून कॅप्टनने एक रेषा ठरवली: स्किफ बाजूला येऊन शिडी उचलताना दिसली की ब्रिज सोडायचा, शिडी लागेपर्यंत थांबायचं नाही. निघताना एसएसएएसचं बटण दाबायचं, म्हणजे कंपनीला आणि ज्या देशाचा झेंडा जहाजावर असतो त्या देशाला गुपचूप इशारा जातो. व्हीएचएफवर एकदाच हाक द्यायची. मुख्य इंजिन बंद करायचं. खाली सेकंड इंजिनिअर मोजणी पुरी झाल्यावर जनरेटरचं तेल बंद करतो आणि जहाज अंधारात जातं. इमर्जन्सी जनरेटर अशा वेळी आपोआप सुरू होतो आणि तो वरच्या डेकवर असतो, म्हणजे चाच्यांना आयता उजेड आणि ग्राइंडरला वीज. तो त्याच वेळी मॅन्युअलवर टाकण्याचं काम इलेक्ट्रिकल ऑफिसरकडे दिलं.

रिचर्ड्‌स बेहून निघालो ते मार्च महिन्यात. उत्तर-पूर्व मोसमी वारे मंदावत जातात आणि समुद्र सपाट होतो, तो छोट्या होड्यांसाठी सगळ्यात सोयीचा काळ. जूनपासूनच्या नैर्ऋत्य मोसमात त्या खवळलेल्या पाण्यात स्किफ टिकत नाही, म्हणून तेव्हा हल्ले जवळजवळ थांबतात. यूकेएमटीओकडे नोंद केली, रोज जागा कळवत राहिलो. १२ मार्चला बातमी आली की मोझांबिकहून कोळसा घेऊन निघालेलं बांगलादेशी जहाज 'अब्दुल्ला' चाच्यांनी पळवलं, सोमालियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६०० मैल लांब. आमच्यासारखाच बल्कर, आमच्यासारखाच कोळसा, २३ खलाशी. त्या कामात पळवलेल्या 'रुएन'चाच तळ म्हणून वापर झाला असावा असा संशय होता. आम्ही मार्ग आणखी पूर्वेला सरकवला.

पहारा दुप्पट केला. ब्रिजच्या दोन्ही विंगवर एकेक माणूस आणि मागे पाहायला तिसरा. तो पूप डेकवर नाही, राहण्याच्या भागाच्या वरच्या मजल्यावर, दाराला लागून, कारण डेकवरच्या माणसाला आत यायला वेळ लागतो. दुर्बीण लावून एकटक पाहणारा माणूस अर्ध्या तासात पाहणं सोडून देतो, नुसता उभा राहतो. म्हणून जागा अर्ध्या तासाने फिरवत होतो. एक रडार ३ मैलांच्या पल्ल्यावर, दुसरं १२ वर. लाकडी किंवा फायबरची स्किफ लाटांच्या ठिपक्यांत हरवते. ठिपका एका फेरीला दिसतो, दोन फेऱ्यांना नाही. लाटा पुसायचं बटण जास्त दाबलं तर स्किफही पुसली जाते, त्यामुळे पडदा थोडा खरबरीत ठेवून डोळ्यांनीच वेगळं काढायचं असतं. रात्री डेकवरचे दिवे बंद, फक्त नियमाचे दिवे.

एका सकाळी माझ्या चार ते आठच्या वॉचला, उजेड फुटल्यावर, डाव्या बाजूला ७ मैलांवर एक ठिपका होता. जहाजांची ओळख दाखवणाऱ्या एआयएसवर नाव नाही. दुर्बिणीतून मासेमारीची धाऊ दिसली. तशा त्या पाण्यात खऱ्या मच्छिमारांच्याही धाऊ असतात, आणि चाचे त्याच पळवून तळ म्हणून वापरतात. जानेवारीच्या शेवटी आयएनएस सुमित्राने 'इमान' आणि 'अल नईमी' या अशाच दोन होड्या सोडवल्या होत्या. मच्छिमाराची होडी जाळ्यापासून आपल्याला लांब ठेवायला येते, हात करून, कापड हलवून जाळ्याची दिशा दाखवते. मी जाळ्याचे बोये शोधले, एकही दिसला नाही. धाऊ मागे पडली आणि तिच्यामागून एक छोटी होडी निघाली. आमचा कॅडेट, सिन्नरचा पोरगा, मागच्या पहाऱ्यावर होता. त्याचा आवाज वॉकीटॉकीवर आला, "सर, पोर्ट क्वार्टरला स्किफ, दोन इंजिनं, पाच-सहा माणसं, जाळं दिसत नाही." रडारवर अंतर २.८ मैल.

कॅप्टन वर आले, अलार्म वाजला, लोक आधी आतल्या जमायच्या जागी गेले. ही जागा सिटाडेलपेक्षा वेगळी असते, ती गोळीबारापासून आडोशाला असते आणि तिथून सिटाडेल जवळ पडतं. मोजणी पुरी झाल्याचा आवाज चौथ्या मिनिटाला आला. इंजिन जास्तीत जास्त फेऱ्यांवर, होज चालू. कॅप्टनने सुकाणू पाच-पाच अंशांनी डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलं. मोठी वळणं घेतली तर जहाजाचाच वेग पडतो, लहान वळणांनी मागे लाटांचा कल्लोळ उठतो आणि स्किफला बाजूला चिकटता येत नाही. मी यूकेएमटीओला फोन लावून जागा, वेग, स्किफची दिशा सांगितली. ती सव्वा मैलावर आली, तिथे वेग कमी केला आणि आमच्या डाव्या बाजूला समांतर चालत राहिली. ही मला सगळ्यात लांब वाटलेली वेळ. एक जण उभा राहून आमच्याकडे पाहत होता, दुर्बिणीत त्याचा निळा शर्ट दिसत होता. होडीत काहीतरी लांब, ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. शिडी होती असं मी छातीठोकपणे लिहू शकत नाही, आणि अहवालातही मी 'झाकलेली लांब वस्तू' एवढंच लिहिलं. थोड्या वेळाने ती वळली आणि धाऊकडे गेली. जमलेल्या लोकांना कॅप्टनने आणखी तासभर सोडलं नाही, कारण पहिली स्किफ लक्ष वेधते आणि दुसरी उलट्या बाजूने येते असंही होतं.

त्यानंतर १६ मार्चला आयएनएस कोलकाताच्या कारवाईत 'रुएन' सुटलं, ३५ चाच्यांनी शरणागती पत्करली आणि १७ खलाशी मोकळे झाले. ती बातमी जहाजावर आली तेव्हा गॅलीत कुकने स्वतःहून शिरा केला.

जयगडच्या आधी तार उतरवली, कारण बंदरात ती लोडर-क्रेन आणि दोरखंडांच्या आड येते आणि माणसांना कापते. सुटकेच्या वाटांवरच्या सगळ्या पट्ट्या काढल्या. बंदरात तपासणीला येणारा निरीक्षक आधी तेच पाहतो, आणि ते रास्त आहे, बंदरात आगीचा धोका चाच्यांपेक्षा मोठा असतो. माझ्या जागी येणाऱ्या ऑफिसरला दिलेल्या नोंदीत मी लिहिलं की दिवसाची ड्रिल बसली आहे, पण रात्री झोपेतून उठून सगळे आत यायला अजून सात मिनिटांच्या आसपास लागतात. त्यातला निम्मा वेळ वरच्या मजल्यावरच्या केबिनमधून खाली येण्यात जातो, म्हणून धोक्याच्या भागात ब्रिजवर नसलेल्यांना रात्री खालच्या मजल्यावर झोपवावं. दुहेरी तारेची मागणी पुन्हा पाठवली आहे, ती जहाजावर आली का ते निघण्याआधी मोजून घ्यावं. आणि फिटर बदलला तर नव्या फिटरला पहिल्याच दिवशी रेग्युलेटर आणि टॉर्च घेऊन खाली पळायला लावावं.